त्या ताई आता का दिसत नाहीत

“आधी सातबाऱ्याच्या व्हिडिओत त्या ताई समोर येऊन समजावून सांगायच्या. आता नुसता कागद आणि तुमचा आवाज. चेहरा दाखवला की रिटेन्शन पडतं का?”

रिटेन्शन म्हणजे लोक व्हिडिओ किती टिकून बघतात ते. चेहऱ्याने ते पडतं असं मीच एकदा म्हणालो होतो, आणि ज्या पुराव्यावर म्हणालो तो पुरावा तेवढा भार पेलणारा नव्हता. तुमच्यापैकी काहींनी माझं ते वाक्य पुढे इतरांना सांगितलंय, म्हणून आता सगळं लिहितो.

‘सातबारा कसा वाचायचा’ हा व्हिडिओ मी आधी माझ्या आवाजात केला. पडद्यावर फक्त उतारा, आणि ज्या रकान्याबद्दल बोलतोय तो मोठा करून दाखवलेला. लांबी ६ मिनिटं १० सेकंद. तीन आठवड्यांनी तीच संहिता माझ्या मावसबहिणीने कॅमेऱ्यासमोर सांगितली. ती शिकवण्या घेते, थांबून, समजावत बोलते. तिचा व्हिडिओ ७ मिनिटं २५ सेकंदांचा झाला. आठवड्याने आकडे काढले. माझा सरासरी ४५ टक्के पाहिला गेला, तिचा ३८. पहिल्या ३० सेकंदांनंतर माझ्याकडे ७२ टक्के लोक उरले होते, तिच्याकडे ५८.

मावशीच्या स्वयंपाकघरात बसून मी तिला मोबाइलवर दोन्ही आलेख दाखवले. तिच्या आलेखात ३:१० च्या आसपास रेष खाली घसरली होती. तिथे बोट ठेवून ती म्हणाली, “दादा, इथं मी काय बोलत होते?”

मी म्हणालो, “बोलण्याचा प्रश्न नाही गं. लोकांना माणूस नको असतो, कागद हवा असतो.”

तिने पुन्हा विचारलं नाही. पुढच्या व्हिडिओच्या वेळी शिकवण्या वाढल्यात म्हणाली. कितीतरी दिवसांनी मावशीकडून कळलं की घरी तिने सांगितलं होतं, माझा चेहरा चालत नाही. मी असं म्हणालो नव्हतो, हे मी मावशीला दोनदा सांगितलं. पण आलेख पुढे धरून मी बोललो त्याचा दुसरा अर्थ तिने काय लावायचा होता?

तिचा तो प्रश्न मात्र डोक्यातून जाईना. शेवटी तिचा व्हिडिओ उघडून ३:१० वर गेलो. ती ‘इतर अधिकार’चा रकाना समजावत होती. बँकेचा बोजा याच रकान्यात दिसतो, आणि जमीन घेणाऱ्याने आधी तोच बघायचा असतो. पडद्यावर ती पूर्ण चौकटीत होती, आणि उतारा उजव्या कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढा. मोबाइलवर त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं. ती मांडणी तिची नव्हती. एडिटिंग माझं होतं.

मग बाकीचे आकडेही नव्याने पाहिले.

४५ आणि ३८ हे टक्के आहेत, आणि दोन व्हिडिओंची लांबी वेगळी आहे. सेकंदांत मोजलं तर लोकांनी माझा व्हिडिओ सरासरी २ मिनिटं ४६ सेकंद पाहिला आणि तिचा २ मिनिटं ५१ सेकंद. तिच्याजवळ लोक माझ्यापेक्षा कणभर जास्तच थांबले होते. लांब व्हिडिओची टक्केवारी बहुधा कमी दिसते, हे मला तेव्हाही माहीत होतं. मी ते लक्षात घेतलं नाही, कारण मला हवं ते उत्तर समोर होतं.

पहिल्या ३० सेकंदांचं कारण निराळंच निघालं. प्रेक्षकांची सबस्क्राइब केलेले आणि न केलेले अशी फोड केल्यावर दिसलं की न केलेल्यांमध्ये दोन्ही व्हिडिओ जवळपास सारखे होते, ६६ आणि ६७. गळती सगळी सबस्क्रायबरांची होती. त्यांनी तीन आठवड्यांपूर्वी हाच विषय माझ्याकडून ऐकला होता. ‘हा तर पाहिलाय’ म्हणून ते निघून गेले. त्यात तिच्या चेहऱ्याचा काय दोष?

शिवाय मी एक नाही, दोन गोष्टी बदलल्या होत्या. चेहरा आला, आणि आवाजही बदलला. फरक पडलाच असता, तरी तो कशाने पडला हे सांगता आलं नसतं.

यूट्यूबवर थंबनेलची तुलना करायची सोय आहे, पण एकाच व्हिडिओचे दोन अवतार प्रेक्षकांत वाटून बघायची नाही. म्हणून मी हाताने केलं. तिचंच ध्वनिमुद्रण घेतलं. एका प्रतीत ती दिसते, दुसऱ्या प्रतीत त्याच आवाजावर फक्त उतारा. शब्द, लांबी, थांबे सगळं सारखं. दोन्ही अनलिस्टेड ठेवले, आणि कोणत्या शेतकरी ग्रुपवर कोणती लिंक टाकायची ते चिठ्ठ्या टाकून ठरवलं. दोन्हींना साधारण ३०० व्ह्यूज मिळाले.

ती दिसत होती तिथे ३० सेकंदांनंतर ७१ टक्के उरले, नुसत्या कागदावर ६४. चेहरा जिंकला असं म्हणायचा मोह झाला, पण ३०० मागे ७ टक्के म्हणजे २१ व्ह्यूज, आणि एवढा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो. ‘इतर अधिकार’पाशी मात्र चित्र उलटं झालं. तोवर टिकलेल्यांपैकी किती जण तो भाग संपेपर्यंत राहिले, एवढंच मी मोजलं, म्हणजे सुरुवातीची गळती हिशेबात येत नाही. तिथे नुसता कागद बराच पुढे होता. त्या प्रतीची रेष तिथे किंचित वरही चढली, कारण लोक मागे जाऊन तो भाग पुन्हा बघत होते. ते नीट वाचण्यासाठी मागे गेले की समजलं नाही म्हणून, हे रेष सांगत नाही.

काही जण मला एडएक्स या ऑनलाइन शिकवणाऱ्या संकेतस्थळावरच्या २०१४ च्या अभ्यासाचा दाखला देतात. त्यात व्हिडिओ पाहण्याची ६९ लाख सत्रं तपासली होती, आणि नुसत्या स्लाइड्सपेक्षा मधूनमधून शिक्षक दिसणारे व्हिडिओ लोक जास्त वेळ बघतात असं आढळलं. मी तो अभ्यास नाकारत नाही. पण त्यातलं ‘मधूनमधून’ महत्त्वाचं आहे, आणि माझ्या व्हिडिओत ती सात मिनिटं हलली नव्हती. शिवाय तिथेही किती वेळ पाहिलं हे मोजलंय. माझा प्रेक्षक उतारा हातात घेऊन ‘भोगवटादार वर्ग २’ ओळखू शकला का, अशी जमीन परवानगीशिवाय विकता येत नाही हे त्याला कळलं का, हे ना त्या ६९ लाखांत आहे ना माझ्या ६०० मध्ये.

तेव्हा रिटेन्शन पडतं का, याला माझ्याकडे आज हो किंवा नाही असं उत्तर नाही. जिथे कागद वाचायचा असतो तिथे माणूस बाजूला हवा, एवढ्यावर मी ठाम आहे. सुरुवातीबद्दल मन रोज इकडून तिकडे जातं.

आणि ताई दिसत नाहीत त्याचं कारण रिटेन्शन नाही. मी तिला सगळे आकडे नव्याने दाखवले, ती फोडही दाखवली. ती शांतपणे बघत होती. मग म्हणाली, “तेव्हाच उघडून बघितला असतास तर, दादा.” पुढचा व्हिडिओ आठ-अ वर आहे. त्याचे पहिले २० सेकंद मी रिकामे ठेवलेत. तिने अजून हो म्हटलेलं नाही.