डाउनलोड बंद केलं आणि नाव गेलं

ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांतली गोष्ट. मी नाशकात कॉलेज रोडवर व्हिडिओ एडिटिंग करतो. निफाडकडच्या एका द्राक्ष बागायतदारांचं इन्स्टाग्राम खातं माझ्याकडे आहे. मी त्यांना आबा म्हणतो. कॅमेऱ्यासमोर आबा बागेत बोलतात तसंच बोलतात, म्हणून त्यांचं चालतं.

त्या आठवड्यात पेस्टिंगची रील टाकली होती. छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काडीला हायड्रोजन सायनामाइड लावतात, ते. औषध जहाल आहे. हातमोजे लागतात आणि लावण्याच्या आगेमागे दारूचा थेंबही चालत नाही, नाहीतर माणूस लालबुंद होतो, छाती धडधडते, दवाखाना गाठावा लागतो. आबा हे बोलले नव्हते, म्हणून मी ते खाली पिवळ्या पट्टीत लिहिलं.

दोन दिवसांनी आबांचा फोन. ‘अरे पोरा, माझा व्हिडिओ लोक सेव्ह करून फिरवतायत. बंद कर ते.’ मी सेटिंगमध्ये जाऊन रील डाउनलोड करू देण्याचं बटण बंद केलं. एका मिनिटाचं काम. काहीतरी केल्याचं समाधान मलाही मिळालं, हे कबूल करतो.

आठवडाभराने आबांनी व्हॉट्सअ‍ॅपवर दोन क्लिपा पाठवल्या. आपलीच रील, दोन्हींवर त्यांचं नाव नाही. एकीच्या वर तर औषधाच्या एका दुकानाचा फोन नंबर!

मी दोन्ही एडिटरमध्ये ओढून थांबवून पाहिल्या. दुकानाची क्लिप चौकोनी होती आणि तिच्या उजव्या कडेला बारीक पांढरी वक्र रेष दिसत होती. ती लाइकच्या हृदयाची कड. म्हणजे कोणीतरी फोनवर रील चालवून स्क्रीन रेकॉर्ड केली आणि कडेची चिन्हं व खालचं खात्याचं नाव जाईल अशी कापली. दुसरी क्लिप पूर्ण उभी, स्वच्छ, कुठलंच चिन्ह नाही. ती लिंक टाकून व्हिडिओ उतरवून देणाऱ्या एखाद्या वेबसाइटवरची असणार.

मला कळायला हवं होतं ते इथे होतं. डाउनलोड केलेल्या रीलवर दिसणारा लोगो आणि खात्याचं नाव मूळ व्हिडिओत नसतं. ॲपमधून कोणी रील सेव्ह करतं, तेव्हा ॲप ते चित्रावर छापून प्रत देतं. त्यानंतर ती प्रत दहा ग्रुपांत फिरो, व्हॉट्सअ‍ॅप तिला दाबून लहान करो, नाव चित्राचाच भाग असल्याने बरोबर जातं. मी बंद केला तो नेमका हा नाव छापणारा रस्ता. बाकीचे दोन उघडेच होते आणि त्यांवर शिक्का बसत नाही. ज्याला हवी होती त्याने रील घेतलीच. शिवाय आधी सेव्ह झालेल्या प्रती बटण बंद केल्याने कुणाच्या फोनमधून पुसल्या जात नाहीत.

नावाचं दुःख आबांना जास्त, मला पट्टीचं. रील १०८० बाय १९२० पिक्सेलची असते. मधोमध चौकोन कापला की वरचे निदान ४२० आणि खालचे निदान ४२० जातात, म्हणजे १५०० च्या खालचं काही उरत नाही. माझी पट्टी १५६० वर सुरू होत होती. ॲपमधल्या मजकुराखाली झाकली जाऊ नये म्हणून मोजूनमापून तिथे ठेवलेली! दुकानदाराच्या क्लिपमध्ये पेस्ट कशी लावायची ते सगळं होतं, फक्त दारूचं आणि हातमोज्यांचं नव्हतं. तो औषध विकणारा माणूस आहे, त्याला हे माहीत नसेल यावर माझा विश्वास नाही.

मी बटण पुन्हा चालू केलं. आबा चिडले. ‘चोराला दार उघडं ठेवायचं का?’ म्हटलं, आबा, दारातून जाणारा तुमचं नाव घेऊन जातो, भिंतीवरून उडी मारणारा नाही.

रील काढून नवी टाकली. नाव आता मीच एडिट करताना बसवतो, कडेला नाही, चित्राच्या मध्याजवळ आबांच्या हातापाशी, अर्धवट पारदर्शक. ते कापायचं तर काडीच कापावी लागेल. पुसणारा धूसर करून पुसेलही, पण डाग दिसेल. आणि इशारा आता आबा तोंडाने, पेस्ट लावता लावता देतात. पहिल्यांदाच तसं करायला हवं होतं. पट्टीवर विसंबणं हा माझा आळस.

काल आबांच्या भाच्याने तासगावकडच्या एका ग्रुपवरून क्लिप पाठवली. जुनाच चौकोन. दुकानाचा नंबर आता वेगळा, उजव्या कडेला हृदयाची रेष तशीच.