त्या लॅबची आई

आमच्या शाळेत वादविवादाची तयारी माझ्याकडे असते. या वेळी विषय होता 'कुत्रा विकत घेण्यापेक्षा दत्तक घेणं चांगलं', आमच्याकडे अनुकूल बाजू आणि बोलणारी नववीतली मुलगी. पहिल्या खर्ड्यात नुसते मुके जीव आणि केविलवाणे डोळे. शिवाय 'दत्तक कुत्रा फुकट मिळतो' आणि 'गावठी कुत्रे आजारी पडत नाहीत'. दोन्हीवर काट मारली. लस, नसबंदी, खाणं याला पैसे लागतातच, आणि लस नसेल तर पार्व्हो गावठी पिल्लालाही होतो. समोरचा हे एका वाक्यात उडवतो आणि मग तुमचं खरंही खोटं वाटायला लागतं. पोरांना हे पटत नाही, त्यांना टाळ्यांची वाक्यं हवी असतात (परीक्षकांनाही, पण ते जाऊ दे).

मी म्हटलं, "मागचा इतिहास माहीत नसलेला कुत्रा घरात कसा आणायचा, असं तो विचारणारच. काय सांगशील?" ती शनिवारी बाबांबरोबर शेल्टरला गेली आणि उत्तर घेऊन आली. मोठा कुत्रा जसा आहे तसा समोर दिसतो. पट्टा लावून फिरवायचा, लहान मुलं जवळून गेली की काय करतो ते बघायचं, तिथल्या मावशींना विचारायचं की खाताना गुरगुरतो का. दोन वर्षांचा कुत्रा आणखी उंच होत नाही. पिल्लाचं मात्र सगळं अंदाजाने, त्याचा स्वभाव बघायचा तर आधी आई बघावी लागते. वर कुत्र्यांच्या पैदाशी आणि विक्रीच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, तरी विकणारा म्हणेल तेच वय धरून लोक घेऊन येतात. कुणी तोंड उघडून बघत नाही, दोन महिन्यांच्या पिल्लाला साधारण सगळे २८ दुधाचे दात आलेले असतात. एवढ्यावर तिची चार मिनिटं उभी राहिली, मला भारी वाटलं.

स्पर्धेत समोरचा मुलगा खंडनाला उठला आणि म्हणाला, "आमचा लॅब विकत घेतलाय, मग त्याची काय चूक?" टाळ्याच टाळ्या. आमचीने पाठ केलेलं उत्तर सोडून दिलं. "त्याची काहीच चूक नाही. पण घेताना तू त्याची आई बघितली होतीस का?" तो गप्प. मग हळूच "नाही" म्हणाला. घंटा झाली.

पहिला नंबर हातवारे करणाऱ्या तिसऱ्याच शाळेला गेला, आमचा दुसरा. त्याचं काही नाही. तो प्रश्न मीच शिकवला होता, वर्गात मुद्दा म्हणून. स्टेजवर त्या मुलाच्या तोंडावर तो मुद्दा राहिला नाही.

बसपाशी तो मला येऊन भेटला. "मॅडम, तिला अजून पिल्लं होत असतील का?"

मी म्हटलं, विक्रेत्याचा नंबर आहे का घरी? बाबांकडे असेल म्हणाला.