फूटिंगला हात न लावता बेस शिअरच्या शेऱ्याला दिलेलं उत्तर

बेळगावातल्या एका तळमजला अधिक चार मजली घराचं स्ट्रक्चरल डिझाइन मी परवानगीसाठी दिलं होतं. पहिल्या फेरीत चर्चा झाली ती जांभ्यावरच्या पायाची. मातीची चाचणी, बेअरिंग कपॅसिटी, फूटिंगची मापं, सगळं पाहून मान्य केल्याचं लेखी पत्र आलं. मग दुसरं पत्र आलं, कन्नडमध्ये. डायनॅमिक विश्लेषणातला बेस शिअर, म्हणजे भूकंपात इमारतीच्या तळाशी येणारं एकूण आडवं बल, सूत्राने काढलेल्या स्टॅटिक बेस शिअरपेक्षा कमी आहे, त्याचा खुलासा करा आणि फूटिंगवर काय परिणाम होतो ते सांगा, असा शेरा होता.

घरमालक म्हणाले, "सर, सगळं डिझाइन बुक परत छापून देऊया की." मी ठाम नाही म्हटलं. नवं बुक गेलं की त्यावर नवी तारीख येते, आणि मान्य झालेली मातीची चाचणीसुद्धा पुन्हा तपासणीला पडते.

शेरा मात्र रास्त होता. भूकंपाची भारतीय संहिता आयएस १८९३ (२०१६) हिच्यानुसार बेळगाव विभाग ३ मध्ये आहे. तिच्यात भिंती भरलेल्या इमारतीचा आवर्तकाल Ta, म्हणजे एकदा डोलून परत यायला लागणारा वेळ, उंची h आणि पायाशी लांबी d यांच्या सूत्राने काढतात. त्यावरून भूकंप गुणांक Ah मिळतो, आणि त्याला इमारतीच्या 12000 kN वजनाने गुणलं की स्टॅटिक बेस शिअर VB येतो:

```
Ta = 0.09 h/√d = 0.09 × 15/√16 = 0.34 s
Ah = (0.16/2) × (1/5) × 2.5 = 0.04
VB = 0.04 × 12000 = 480 kN
```

सॉफ्टवेअर मात्र भिंतींचा ताठरपणा धरत नाही, नुसती चौकट हलवून बघतं. तिचा आवर्तकाल 0.8 सेकंद आला. चौकट लवचीक दिसली की बल कमी येतं, इथे ते 300 kN आलं. अशा वेळी डायनॅमिकची सगळी उत्तरं 480/300, म्हणजे 1.6 ने वाढवायची असतात. आम्ही ती वाढवलेली होती. तपासणाऱ्यांनी पाहिला तो वाढवण्याआधीचा तक्ता, वाढवलेला त्याच बुकात पुढे होता.

उत्तर एका पानाचं केलं. शेरा त्यांच्याच शब्दांत उतरवला. त्याखाली इथे वर दिलेल्या हिशोबाच्या तीन ओळी, 1.6 हा गुणक आणि आधीच्याच बुकातल्या वाढवलेल्या तक्त्याचा पान क्रमांक. त्यासोबत तळमजल्याच्या एका कोपऱ्यातल्या कॉलमचं बल वाढीआधी आणि वाढीनंतर किती, तेही दिलं, म्हणजे गुणक डिझाइनपर्यंत पोचला हे डोळ्यांना दिसतं. फूटिंगबद्दल एवढंच लिहिलं: "फूटिंगचं डिझाइन याच वाढवलेल्या बलांवर आहे. मान्यतेच्या पत्रातल्या मापांत बदल नाही." त्या पत्राचा क्रमांक आणि तारीख दिली. बेअरिंग कपॅसिटीचा आकडा मुद्दाम लिहिला नाही, कारण तो कुणी विचारला नव्हता.

एक गोष्ट इथे पक्की हवी. गुणक खरोखर लोड कॉम्बिनेशनमध्ये गेलेला नसेल, तर हे वाक्य लिहिता येत नाही. मग कॉलम, फूटिंग सगळं नव्याने तपासून सुधारित डिझाइनच द्यावं लागतं, मिटलेला विषय उघडला तरी. म्हणून सही करण्याआधी मी मॉडेल उघडून दोन्ही दिशांचे गुणक स्वतः पाहिले.

पुढच्या पत्रात बेस शिअरचा मुद्दा निकाली निघाला आणि फूटिंगचा उल्लेखही नव्हता.