कपाटाआडचे चार सेकंद

आमच्या महाविद्यालयाच्या कार्यालयात पावसाळ्यात एक भांडण झालं. प्रयोगशाळा परिचराने मस्टर आपटलं, शिवीगाळ केली आणि खांद्याला धक्का मारला, अशी मुख्य लिपिक बाईंची तक्रार आली. दुसऱ्याच दिवशी परिचराचा उलट अर्ज आला: बाई मुद्दाम माझ्याच नावापुढे उशिराचा लाल शेरा मारतात. प्राचार्यांनी तिघांची प्राथमिक चौकशी समिती नेमली. अध्यक्ष बाहेरचे, एक निवृत्त प्राचार्य, आणि सदस्य-सचिव मी.

अध्यक्षांनी आधी कार्यालयीन आदेश हातात घेतला. त्यात लिहिलं होतं, ‘परिचराने केलेल्या गैरवर्तनाची चौकशी करावी.’ ते म्हणाले, "गैरवर्तन केलंच आहे असं इथेच ठरलंय, मग आपण काय शोधायचं?" त्यांनी तो बदलून घेतला: ‘कार्यालयात घडलेल्या प्रसंगाची व दोन्ही अर्जांतील मुद्द्यांची चौकशी’. तिसरे सदस्य पतपेढीत बाईंना जामीन होते, म्हणून त्यांच्या जागी दुसरे आले. उद्या अहवालाला कोणी हरकत घेतलीच, तर ती पहिल्यांदा अशाच गोष्टींवर घेतली जाते.

त्याच दिवशी आणखी एक पत्र गेलं, सीसीटीव्हीचं चित्रण जपून ठेवण्याचं. डीव्हीआरची हार्डडिस्क भरली की यंत्र जुन्या चित्रणावर नवं लिहीत जातं, आणि जबाब संपेपर्यंत थांबलो असतो तर तो दिवस पुसला गेला असता. पेनड्राइव्हवर प्रत काढून ती दोन्ही पक्षांसमोर पाकिटात बंद केली आणि पाकिटावर सगळ्यांच्या सह्या घेतल्या.

लेखी जबाब आले तेव्हा दोघा साक्षीदारांच्या कागदावर एकच वाक्य होतं, ‘अरेरावीची भाषा करून अंगावर धाऊन गेला’. ‘धाऊन’सुद्धा दोन्हीकडे तसंच. आम्ही दोघांना वेगवेगळं बोलावलं आणि एवढंच विचारलं, "त्या वेळी तुम्ही कुठे उभे होतात?" एकजण रोखपालाच्या खिडकीत होता. त्याने मस्टर आपटताना पाहिलं होतं, धक्का नाही. दुसरे शिपाईमामा म्हणाले, "साहेब, मी झेरॉक्सपाशी होतो. आवाज ऐकून आलो, तोवर बाई खुर्चीत बसल्या होत्या. मला नंतर कळलं ते लिहिलं." दोघांनाही खोटारडे ठरवण्याचं कारण नव्हतं. अहवालात आम्ही लिहिलं की लेखी जबाबातलं समान वाक्य स्वतंत्र पुरावा म्हणून धरलेलं नाही, प्रत्यक्ष विचारपूस करताना सांगितलं तेवढंच धरलं आहे. खातेनिहाय चौकशीत ऐकीव माहिती सरसकट बाद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ सालीच हरियाणाच्या एका बस कंडक्टरच्या प्रकरणात सांगितलं आहे. पण ती विश्वासार्ह हवी आणि मुद्द्याशी तिचा धागा जुळायला हवा. मामांच्या ऐकीव माहितीचा उगम तक्रारदार बाईच होत्या, त्यामुळे बाईंच्या म्हणण्याला तिची वेगळी पुष्टी मिळत नव्हती.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटलेला भाग वेळेचा. कार्यालय दहाला सुरू होतं आणि दहा मिनिटांची सवलत आहे. परिचर अंबरनाथहून येतो. त्या दिवशी पावसाने गाड्या रखडल्या होत्या. चित्रणात तो १०:२० ला बायोमेट्रिकवर बोट ठेवताना दिसतो. म्हणजे लाल शेरा बरोबर, असं कोणीही म्हणेल. पण बायोमेट्रिकच्या छापील नोंदीत त्याची वेळ १०:०९ आहे. दोन यंत्रं, दोन वेळा. मग त्याच सकाळी त्याच चौकटीत बोट ठेवताना दिसणारे इतर कर्मचारी एकेक करून तपासले. प्रत्येकाच्या बाबतीत कॅमेरा अकरा मिनिटं पुढे. आम्ही पाहायला गेलो त्या दिवशीही बायोमेट्रिकची वेळ मोबाइलशी जुळत होती आणि डीव्हीआरचं घड्याळ पुढेच होतं. निष्कर्ष सरळ होता: परिचर सवलतीच्या आत आला होता आणि शेरा चुकीचा होता. ही तुलना आम्ही तक्ता करून अहवालाला जोडली, म्हणजे वाचणाऱ्याला आमच्या शब्दावर विसंबायला नको.

मग मागच्या तीन महिन्यांचं मस्टर बायोमेट्रिकशी ताडून पाहिलं. सवलतीच्या आत आलेल्या इतर कोणालाही लाल शेरा नव्हता. परिचराला अनेकदा होता. बाईंनी मुद्दाम केलं का? त्यांचं म्हणणं होतं की त्या भिंतीवरच्या घड्याळावरून शेरा मारतात. ते घड्याळ दरम्यान बदललेलं होतं, म्हणजे पडताळणी शक्य नव्हती. पण ते पुढे असतं तर फटका सगळ्यांनाच बसला असता. म्हणून ‘शेरे असमान पद्धतीने मारले गेले’ हे सिद्ध, ‘द्वेषाने मारले’ हे सिद्ध होत नाही, असे दोन तुकडे केले. हेतू हा वेगळा मुद्दा आहे, त्याला वेगळा पुरावा लागतो.

राहिला धक्का. चित्रणाला आवाज नाही. परिचर मस्टर उचलून टेबलावर आपटतो ते स्वच्छ दिसतं, आणि त्यानेही ते कबूल केलं. बाई उठतात, दोघं लोखंडी कपाटाआड जातात. चार सेकंद काही दिसत नाही. मग बाई खांदा धरून बाहेर येतात. बाई म्हणतात धक्का मारला. तो म्हणतो, मी वळलो तेव्हा कपाटाचं उघडं दार त्यांना लागलं. दार उघडं असल्याचं चित्रणात दिसतं. अशा चौकशीत फौजदारी खटल्याइतका निःसंशय पुरावा लागत नाही, काय घडलं असण्याची शक्यता अधिक आहे ते पाहायचं असतं. इथे पारडं कोणत्याही बाजूला झुकत नव्हतं. शिवीगाळीचंही तसंच, चढा आवाज चौघांनी ऐकला, शिवी एकानेही नाही.

या परिच्छेदावर आम्ही फार वेळ घालवला. पहिल्या मसुद्यात ‘आरोप निराधार आहे’ असं होतं. अध्यक्षांनी ते खोडून लिहिलं: ‘उपलब्ध पुराव्यावरून धक्का मारल्याचे सिद्ध होत नाही. तक्रार खोटी असल्याचाही पुरावा नाही. त्यामुळे तक्रारदारावर कारवाईचा प्रश्न उद्भवत नाही.’

शिफारशी लिहिताना व्यवस्थापनाकडून आडून सुचवलं गेलं की परिचराला दुसऱ्या शाखेत पाठवा, विषय मिटेल. आम्ही नकार दिला. निर्णयाआधीची बदली ही शिक्षाच वाटते, आणि शिक्षा ठरवणं प्राथमिक समितीच्या कक्षेत येत नाही. आम्ही एवढंच लिहिलं: मस्टर आपटणे व आवाज चढवणे याबाबत सक्षम प्राधिकाऱ्याने खुलासा मागवून सेवानियमांनुसार निर्णय घ्यावा, चुकीचे शेरे दुरुस्त करावेत आणि त्यांपोटी कापलेली रजा परत जमा करावी, यापुढे शेरा बायोमेट्रिकच्या नोंदीवरूनच आणि दुसऱ्या व्यक्तीकडून मारला जावा, निर्णय होईपर्यंत कोणाचीही बदली करू नये.

विभागीय चौकशीचा अहवाल निर्णयाआधी कर्मचाऱ्याला द्यावा लागतो, हे सर्वोच्च न्यायालयाच्या १९९३ च्या निकालाने पक्कं केलं आहे. आमची चौकशी प्राथमिक होती, तरी अध्यक्षांच्या आग्रहाने दोघांनाही प्रत मिळाली. परिचराने मस्टरबद्दल लेखी दिलगिरी दिली, त्याला ताकीद मिळाली, रजा जमा झाली. बाई प्रत घेऊन माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "सर, म्हणजे मी खोटं बोलले, असंच ना?" मी त्यांना ते वाक्य दाखवलं. त्यांनी दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, "हे मला मान्य नाही. मला धक्का लागला होता." मी म्हटलं, मग तसं लिहून द्या. त्यांनी दीड पान लिहून दिलं, आणि ते परिशिष्ट म्हणून अहवालाला जसंच्या तसं जोडलं आहे.