डॅशकॅमचा स्टॅम्प गेला, आणि आता परत येत नाही

डॅशकॅम व्हिडिओवर जी तारीख-वेगाची पट्टी छापतो, त्या स्टॅम्पने इथल्या मागच्या दोन्ही नोंदी खाल्ल्या. तो प्रश्न सुटला. फ्रेमच्या तळाला आता तारीख नाही, वेग नाही, अक्षांश-रेखांश नाहीत. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे गाडी रात्रभर उभी राहून सकाळी सुरू केली तरी ते परत येत नाहीत. मेनूमध्ये Off करणं हा या कामाचा सोपा भाग होता. Off केलेलं Off राहत का नाही, याचं उत्तर भलत्याच ठिकाणी सापडलं.

कॅमेरा तोच आहे: पुढे-मागे दोन लेन्स, पुढची २५६०×१४४०, जीपीएस काचेवरच्या माउंटमध्ये, ब्रँडचं नाव नावापुरतं. काम तेच, घोडबंदर रोड आणि पाम बीच मार्गाचे पूर्ण लांबीचे ड्राइव्ह व्हिडिओ आणि त्यांचे टाइमलॅप्स. टाइमलॅप्समध्ये स्टॅम्प सर्वात जास्त छळतो, कारण सेकंदाचे आकडे इतक्या वेगाने पळतात की नजर रस्ता सोडून तळाच्या पट्टीकडेच जाते.

आधी मेनू. रेकॉर्डिंग चालू असताना या जातीचे बहुतेक कॅमेरे मेनू उघडतच नाहीत. OK दाबून रेकॉर्डिंग थांबवा, लाल ठिपका लुकलुकायचा थांबू द्या, मग M दाबा. पहिल्या दाबात रेकॉर्डिंगचा मेनू येतो, दुसऱ्या दाबात सेटअपचा. Date Stamp पहिल्यात असतो. तो Off केला की फक्त तारीख आणि वेळ जाते. वेग आणि लोकेशनची ओळ GPS Info Stamp या वेगळ्या नोंदीखाली असते. गाडीचा नंबर किंवा स्वतःचा मजकूर सेटअपमध्ये तिसरीकडेच, आणि तिथे Off हा पर्याय नसेल तर मजकूर पुसून जागा रिकामी ठेवावी लागते. फोटो मोडचा Date Stamp पुन्हा निराळा. म्हणजे एक स्टॅम्प काढायचा तर तीन-चार ठिकाणी हात घालायचा. मेनू आखणाऱ्यांनी हे सगळं एका पानावर ठेवायला हवं होतं, असं ठाम मत आहे.

तपासणी कॅमेऱ्याच्या पडद्यावर करू नका. पडद्यावरचा लाल ठिपका, घड्याळ, बॅटरीचं चिन्ह हे सगळं चित्राच्या वर वेगळ्या थरात काढलेलं असतं आणि ते फाइलमध्ये जात नाही. स्टॅम्प मात्र एन्कोडरकडे जाण्याआधीच फ्रेममध्ये मिसळला जातो, म्हणून तो नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने ‘उचलून’ काढता येत नाही. कॅमेऱ्यावर फाइल परत चालवून पाहिली तरी प्लेबॅकचा स्वतःचा तारखेचा थर वर येतो आणि घोळ होतो. एक मिनिट रेकॉर्ड करा, कार्ड काढा, कॉम्प्युटरवर एक फ्रेम काढून तळाचे दोन्ही कोपरे बघा:

```
ffmpeg -ss 5 -i FRONT.MP4 -frames:v 1 check.png
```

मागच्या लेन्सच्या फाइलचंही असंच करा. एकाच बटणाने दोन्हीकडचा स्टॅम्प जाईल हे गृहीत धरू नका.

आता मूळ दुखणं. सगळं Off केलं, तपासलं, फ्रेम स्वच्छ. दुसऱ्या दिवशी स्टॅम्प परत हजर. पुन्हा Off, पुन्हा हजर. पहिला संशय वायफायच्या अ‍ॅपवर गेला, कारण काही अ‍ॅप जोडणी होताच स्वतःकडच्या जुन्या सेटिंग कॅमेऱ्यावर लादतात. अ‍ॅप काढून टाकलं, फरक शून्य. मग कार्डावर, पण सेटिंग कार्डावर नसतातच. कार्ड फॉरमॅट केलं काय आणि बदललं काय, सारखंच.

धागा सापडला तो दिव्यांमुळे. स्टॅम्प परत यायचा त्याच दिवशी कोपरी पुलावरचे एलईडी दिवे फुटेजमध्ये फडफडताना दिसायचे. मेनूतली Frequency आपल्याकडे 50Hz हवी, आणि कारखान्यातून ती 60Hz वर आलेली होती. म्हणजे एकटा स्टॅम्प परत येत नव्हता. अख्खा मेनू मूळ अवस्थेत जात होता. आणखी दोन खुणा मग जुळल्या. घड्याळही मागे जायचं आणि जीपीएस लागेपर्यंत फाइलच्या नावात जुनंच साल यायचं. आणि प्रत्येक फेरीची शेवटची फाइल एक तर शून्य आकाराची, नाही तर न उघडणारी.

तिन्ही खुणा एकाच जागी बोट दाखवतात: आतली छोटी बॅटरी. गाडी बंद केली की केबलची वीज तत्काळ जाते. त्यानंतरची काही सेकंदं कॅमेऱ्याने बॅटरीवर काढायची असतात, चालू फाइल नीट बंद करायची आणि मेनूतले बदल कायमच्या मेमरीत लिहायचे. या कॅमेऱ्यात Off दाबल्याबरोबर बदल लिहिला जात नाही, तो बंद होतानाच्या क्रमात लिहिला जातो. बॅटरी मेलेली असेल तर तो क्रम सुरूच होत नाही. दिवसभर सगळं बरोबर चालतं, कारण तोवर बदल चालू मेमरीत शाबूत असतो.

हे ताडून पाहायला स्क्रू-ड्रायव्हर लागत नाही. कॅमेरा घरी आणा, पॉवर बँकेला जोडा, सगळे स्टॅम्प Off करा, Frequency 50Hz करा. मग केबल न काढता पॉवर बटण दाबून धरा आणि पडदा पूर्ण काळा होऊ द्या. त्यानंतर केबल काढा, अर्ध्या तासाने पुन्हा जोडा. सेटिंग टिकली तर मेमरी ठीक आहे आणि दोष बॅटरीचा. हीच कृती पॉवर बटण न वापरता, नुसती केबल ओढून केली आणि सेटिंग गेली, तर शंकेला जागाच उरत नाही. इथे नेमकं हेच झालं. बॅटरी बदलायची नसेल त्यांना एवढाही उपाय पुरतो: सेटिंग एकदा नीट लिहिली गेली की पुढे वीज अचानक गेली तरी Off हे Off राहतं. घड्याळ आणि शेवटच्या फाइलचं रडगाणं मात्र सुटत नाही.

म्हणून बॅटरी बदललीच. ठाण्यात एप्रिल-मेच्या उन्हात बंद गाडीच्या काचेशी ६० अंशांच्या वर तापमान सहज जातं, आणि लिथियम सेल साधारण ४५ अंशांपुढे चार्ज करू नये असं सांगतात. तेव्हा ही बॅटरी मरणं हा अपघात नव्हे, ठरलेलंच. जुन्या सेलवर आकार छापलेला असतो. ४०२०३० म्हणजे ४ मिमी जाड, २० रुंद, ३० लांब. जाडी वाढवू नका, झाकण बसत नाही. सेल फुगलेला असेल तर उचकटताना टोकदार काही लावू नका. नवा घेताना टोकाला पिवळ्या टेपखाली संरक्षक सर्किटची पट्टी आहे ना, ते बघा. ऑनलाइन आलेल्या स्वस्त सेलमध्ये ती नव्हती. लॅमिंग्टन रोडवर हातात घेऊन, मीटर लावून घेतलेला सेल चार पैसे महाग पडला तरी परवडतो. कनेक्टर तसाच दिसला तरी लाल-काळ्या तारांची बाजू उलटी असू शकते, म्हणून जोडण्याआधी जुन्याशी जुळवा. तासभर चार्ज करून मोजल्यावर ४.१ ते ४.२ व्होल्ट दिसायला हवेत.

याच जागी सुपरकपॅसिटर टाकावा असा मोह झाला, कारण उष्णता तो फार चांगली सोसतो. पण इथलं चार्जिंग सर्किट लिथियमसाठी आखलेलं आहे, आणि कपॅसिटरचा व्होल्टेज रिकामा होताना शून्याकडे उतरत जातो. नुसत्या दोन तारा जोडून होणारा हा बदल नाही. पुढचा कॅमेरा मात्र मुळातच सुपरकपॅसिटरवाला असेल.

जुन्या, स्टॅम्पवाल्या फुटेजचं काय? ffmpeg च्या ‘डीलोगो’ फिल्टरने पट्टी पुसायचा बेत मागे लिहिला होता, तो रद्द. चालत्या रस्त्यावर तो धब्बा आकड्यांपेक्षा जास्त खुपतो. १४४० ओळींचं फुटेज १०८० मध्येच द्यायचं असल्याने तळाच्या ८० ओळी कापायला भरपूर जागा आहे. १३६० ओळींना १६:९ चं प्रमाण राखायचं तर रुंदी २४१८:

```
ffmpeg -i OLD.MP4 -vf "crop=2418:1360:70:0,scale=1920:1080" -c:a copy NEW.mp4
```

तळाला बहुतेक बॉनेटच असतं, ते गेल्याने फ्रेम उलट सुधारते. ज्यांचा कॅमेरा मुळात १०८० चा आहे त्यांना कापल्यावर चित्र ताणावं लागेल. तिथे थोडा मऊपणा येणारच.

कॅमकॉर्डरवाल्यांसाठी थोडक्यात. तिथे गल्लत उलट होते: कार्डावरचं चित्र स्वच्छ आणि एचडीएमआयने कॅप्चर केलेल्या फाइलमध्ये सगळी चिन्हं. कॅननच्या मेनूत Output Onscreen Displays बंद करा. टेपच्या जुन्या सोनी हँडीकॅममध्ये DISPLAY हे V-OUT/LCD वरून LCD वर आणा. मिनीडीव्ही टेपवर तारीख चित्रापासून वेगळी साठवलेली असते, ती अशी लपवता येते. व्हिडिओ-८ च्या काळात बटण दाबून चित्रात घातलेली तारीख मात्र निघत नाही.

स्टॅम्प बंद केल्यावर विम्याला किंवा पोलिसांना वेळ कशी दाखवायची, ही शंका रास्त आहे. फाइलच्या नावात तारीख-वेळ असते, आणि या कॅमेऱ्यात GPS Info Stamp बंद असला तरी जीपीएसची नोंद फाइलच्या आत चालूच राहते. अपघाताची मूळ फाइल न कापता, न बदलता जपून ठेवायची. घड्याळ तेवढं बरोबर हवं. काही मेनूंत टाइम झोन पूर्ण तासांतच निवडता येतो, +५:३० नसतोच. तसं असेल तर जीपीएसवरून वेळ जुळवणं बंद ठेवून घड्याळ हाताने लावा, नाहीतर अर्ध्या तासाचा फरक कायम राहील.

ही आतली नोंद बघतानाच पुढचा बेत बदलला. तळाला स्वतःच्या फॉन्टमध्ये वेग लिहायचा विचार होता. पण तोही फ्रेममध्ये पक्का होणार, मग स्टॅम्प काढून मिळवलं काय? त्यापेक्षा वेग आणि ठिकाण सबटायटल म्हणून द्यायचं. ज्याला हवं त्याने लावावं. आधी exiftool ची gpx.fmt फाइल त्याच फोल्डरमध्ये ठेवून आतली नोंद काढायची:

```
exiftool -ee -p gpx.fmt FRONT.MP4 > FRONT.gpx
```

दर सेकंदाला एक बिंदू मिळतो, म्हणजे सबटायटलची दर सेकंदाला एक ओळ. जीपीएक्समधली वेळ भारतीय आहे की यूटीसी, ते फाइलच्या नावाशी ताडून घ्यायचं. ओळी तयार झाल्या की चित्राला हात न लावता जोडता येतात:

```
ffmpeg -i FRONT.MP4 -i FRONT.srt -c copy -c:s mov_text OUT.mp4
```

चाचणी वाशी ते बेलापूर, पाम बीच मार्गावर, कारण तिथे वरती उघडं आकाश आहे आणि सिग्नल तुटत नाही. घोडबंदर नंतर. तिथे मेट्रोच्या खांबांखालून आणि मार्गिकेखालून जाताना बिंदू उड्या मारतात, तेव्हा वेगाची ओळ आधी तीन-चार सेकंदांच्या सरासरीने गुळगुळीत करून घ्यावी लागेल.