आमची वाटचाल: एप्रिलमधलं आभारपत्र

आमचं काम घरांच्या गच्चीवर सोलर बसवण्याचं. नवं काम येतं ते बहुतेक जुन्या ग्राहकाच्या शेजारून. म्हणून आभारपत्र आम्ही दिवाळीत पाठवत नाही. शुभेच्छांच्या गर्दीत ते वाचलंच जात नाही. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पाठवतो. नेट मीटरवरच्या शिल्लक युनिटांचा वर्षाचा हिशेब ३१ मार्चला होतो, तेव्हा घरात विषय विजेचाच असतो.

पत्राचा जीव एका आकड्यात आहे: त्या गच्चीवर वर्षभरात किती युनिट तयार झाले. हा आकडा वीजबिलातून घ्यायचा नाही. बिलात फक्त ग्रीडला गेलेले युनिट दिसतात. दिवसा फ्रिज आणि पाण्याच्या मोटारीने घरातच वापरलेली वीज नेट मीटरपर्यंत पोचत नाही, आणि बिलातला छोटा आकडा वाचून ग्राहकाला वाटतं, आपले पॅनल चालत नाहीत. अ‍ॅपमधला आकडाही ताडून घ्यावा लागतो, कारण वायफाय बंद असलेल्या दिवसांची नोंद कधीकधी राहून जाते. इन्व्हर्टरच्या डिस्प्लेवर एकूण युनिट असतात. त्यातून गेल्या मार्चचे वजा केले की झालं.

३ किलोवॉटला दिवसाला सरासरी १२ युनिट धरले, तर वर्षाला ४,३०० च्या आसपास होतात. कुणाचे ३,५०० निघाले तर पत्र थांबवायचं आणि आधी माणूस पाठवायचा. धूळ असेल, वाढलेल्या झाडाची सावली असेल. तक्रार उघडी असताना आभार मानले तर ते टोचतात.

पत्र एवढंच:

‘काका, नमस्कार. या वर्षी तुमच्या गच्चीवर ४,१८० युनिट वीज तयार झाली. जुलै-ऑगस्टमध्ये घट दिसते ती ढगांमुळे, पॅनल उत्तम आहेत. हिवाळ्यात तुम्ही दर पंधरवड्याला पॅनल धुतलेत, त्याचा फरक आकड्यांत दिसतो. आमच्यावर विश्वास टाकलात, मनापासून आभार.

शेजारी कुणी सोलरचं विचारलं, तर त्यांना तुमचं बिल दाखवा. योग्य वाटलं तर आमचा नंबर द्या.’

शेवटची दोन वाक्यं वेगळ्या परिच्छेदात ठेवतो, म्हणजे आभार हे आभारच राहतात. ओळखीच्यांचे नंबर मागत नाही, कारण दुसऱ्याचा नंबर परस्पर देणं माणसाला अवघड जातं. बक्षीसही ठेवत नाही. शेजाऱ्याला त्याचा सुगावा लागला की काकांच्या शब्दाची किंमत जाते.

व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्टने हे पाठवू नये. ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्यांना तो मेसेज मिळतच नाही, आणि प्रत्येकाचा आकडा तर वेगळाच असतो. एकेकाला पाठवावं.

काकांच्या सांगण्यावरून कुणाचा फोन आला, तर त्याच दिवशी काकांना कळवतो. पाहणीत गच्चीवर दुपारी सावली निघाली आणि काम नाकारावं लागलं, तर तेही शेजाऱ्याकडून कळण्याआधी आम्हीच सांगतो.