थंड पायांचा रिपोर्ट

नर्व्ह कंडक्शन टेस्ट, म्हणजे एनसीव्ही, नसांमधून सिग्नल किती वेगाने धावतो ते मोजते. तिच्या खोलीत येणाऱ्यांपैकी बरेच जण हातात आधीचा रिपोर्ट घेऊन येतात. त्या दिवशी आलेल्या ३४ वर्षांच्या तरुणाच्या रिपोर्टवर शेवटची ओळ होती : 'दोन्ही पायांत सौम्य सेन्सरी न्यूरोपथी', म्हणजे संवेदना वाहणाऱ्या नसांचा आजार. ती वाचल्यापासून त्याची झोप उडाली होती. तक्रारी चार महिन्यांच्या. तळपायांची आग, बोटांना मुंग्या, ओठांभोवती बधिरपणा आणि रात्री मांड्यांवर, पाठीवर काहीतरी सरपटल्यासारखं वाटणं. बघायला गेलं तर कातडीवर पुरळ नाही, कीडा नाही.

तपासायला घेण्याआधी मी नेहमी विचारतो, सुरुवात कुठून झाली आणि पुढे कुठे सरकली? मधुमेहासारख्या कारणाने होणारी न्यूरोपथी सर्वांत लांब नसांच्या टोकापासून सुरू होते, म्हणून आधी दोन्ही पायांची बोटं, मग तळवे, मग घोटे. ती साधारण गुडघ्याजवळ पोहोचली की मग हाताच्या बोटांना लागण होते. या क्रमाला महिने-वर्षं लागतात आणि तो सहसा मोडत नाही. या तरुणाला मात्र ओठ, दोन्ही हातांची बोटं आणि तळपाय एकाच वेळी, वीस-पंचवीस मिनिटं त्रास देत. मग सगळं ओसरे. दुसऱ्या दिवशी पाठ. मधले काही दिवस अगदी कोरडे. ओठाची नस पायाच्या नसेपेक्षा कितीतरी आखूड असते, त्यामुळे पायाच्या बोटांबरोबर ओठही बधिर होतात तेव्हा शंका श्वासाकडे जायला हवी.

तपासणीत १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क पायाच्या अंगठ्यावर त्याला व्यवस्थित जाणवला. १० ग्रॅमचा दाब देणारा मोनोफिलामेंट म्हणजे नायलॉनचा धागा तळव्यावर, टाचणीचं टोक बोटांवर, सगळं ठीक. घोट्याचे रिफ्लेक्स दोन्हीकडे सारखे. डोळे मिटून पाय जुळवून उभा राहिला तरी डोलला नाही. टाचणीची टोच बोटांत कमी आणि पोटरीवर जास्त लागते का, हे मी मुद्दाम पाहतो, कारण बारीक नसांच्या आजारात हीच खूण सापडू शकते. इथे फरक नव्हता.

मग मी तो रिपोर्ट नीट वाचला. पोटरीमागून घोट्याच्या बाहेरच्या बाजूकडे जाणाऱ्या सुरल नसेचा वेग ३६ मीटर प्रतिसेकंद लिहिला होता. साधारण ४० च्या वर अपेक्षित असतो, म्हणून 'न्यूरोपथी'. पण त्याच ओळीत सिग्नलची उंची १८ मायक्रोव्होल्ट होती, म्हणजे चांगली भरघोस. लांबीनुसार होणाऱ्या नेहमीच्या न्यूरोपथीत नसेचे तंतू मरतात, त्यामुळे आधी उंची घटते आणि वेग बऱ्यापैकी टिकतो. उंची शाबूत आणि फक्त वेग मंद, तोही दोन्हीकडे सारखाच? अशा वेळी पहिला संशय थंडीवर घ्यावा. रिपोर्टमध्ये तापमानाचा रकानाच नव्हता.

त्याच्या पायावर सेन्सर लावला तर कातडीचं तापमान २६ अंश निघालं. घाबरलेल्या माणसाचे हातपाय गार पडतात, कारण ॲड्रेनलिनमुळे तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात. त्यात टेस्टच्या खोलीत एसी आणि 'आता शॉक देणार' ही धास्ती. कातडी एक अंश थंड झाली की वेग साधारण २ मीटरने घटतो, आणि सिग्नल मात्र थोडा मोठा दिसतो. म्हणजे चिंतेने आधी पाय गार केले आणि गार पायांनी चिंतेला नवा आजार मिळवून दिला.

आम्ही पाय कोमट पाण्यात ठेवले. पाण्याचं तापमान आम्ही आधी स्वतः मोजतो, कारण ज्याचे पाय खरंच बधिर आहेत त्याला चटका कळत नाही. पाच मिनिटांत कातडी वरवर तापते, आतली नस गारच राहते, म्हणून अर्धा तास तरी द्यावा लागतो. पाय कोरडे करून पुन्हा मोजलं तेव्हा कातडी ३२ अंश, वेग ४६, उंची १५. नॉर्मल.

त्याचा पुढचा प्रश्न ठरलेला होता. "म्हणजे डॉक्टर, हे सगळं माझ्या मनाचे खेळ?"

"मुंग्या खऱ्याच आहेत. त्या कशा येतात ते दाखवतो," म्हटलं.

हृदयविकार, फिट, दमा किंवा गरोदरपण नाही याची खात्री करून मी त्याला बसवून दोन मिनिटं खोल आणि भरभर श्वास घ्यायला लावला. दीड मिनिटाच्या आसपास तो स्वतःच म्हणाला, "हेच! ओठांना आलं." पाठोपाठ बोटं. जास्त श्वासाने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, रक्त किंचित अल्कलाइन होतं, आणि रक्तातलं मोकळं कॅल्शियम प्रथिनांना जास्त चिकटतं. मोकळं कॅल्शियम कमी झालं की नस उगाचच पेटते, हात लावायला कुणी नसतानाही. हे घडायला धापा टाकाव्या लागत नाहीत. दिवसभर घेतलेले मोठे उसासे आणि जांभयाही पुरतात. श्वास मंद केल्यावर थोड्या वेळात मुंग्या विरल्या. तोंडाला कागदी पिशवी लावायचा जुना उपाय मात्र करू नये. त्रास हृदयाचा किंवा फुफ्फुसाचा असेल तर तो धोक्याचा ठरतो.

या प्रयोगाने ओठ आणि बोटांचं कोडं सुटलं. तळपायाच्या आगीचं तेवढ्यावर सोडून देता येत नव्हतं, कारण आमच्या मशीनची एक मर्यादा आहे : ते फक्त जाड, वेगवान तंतू मोजतं. आग आणि तापमान वाहणारे बारीक तंतू त्याला दिसतच नाहीत. आग रोज रात्री, दोन्ही बोटांतच राहिली आणि टोच कमी लागू लागली, तर एनसीव्ही नॉर्मल असूनही घोट्याच्या १० सेंटिमीटर वरून ३ मिलिमीटर कातडीचा तुकडा काढून बारीक नसा मोजाव्या लागतात. त्याआधी रक्त : साखर आणि एचबीए१सी, बी१२, थायरॉइड, क्रिएटिनिन. त्याच्या रक्तात काही निघालं नाही. बी१२ भरपूर दिसत होतं, पण तो महिनाभर गोळ्या घेत होता, त्यामुळे त्या आकड्याला मी फार किंमत दिली नाही.

एनसीव्ही मी कुणाला लगेच करायला सांगतो? ज्याचा बधिरपणा कायम आहे आणि वर चढतो आहे, ज्याचे घोट्याचे रिफ्लेक्स गेले आहेत, पाऊल घसटतं, अंधारात तोल जातो, किंवा त्रास एकाच पायात, एकाच नसेच्या पट्ट्यात आहे. काही दिवसांत अशक्तपणा वर चढत असेल, किंवा लघवी अडकून बैठकीची जागा बधिर झाली असेल, तर टेस्टची तारीख घेत बसू नये, थेट इमर्जन्सीत जावं.

त्याच्या पिशवीत 'नसांच्या' दोन गोळ्या होत्या. दोन्हींत मिळून बी६ दिवसाला १०० मिलिग्रॅमच्या वर जात होतं. हे जीवनसत्त्व जास्त प्रमाणात दीर्घकाळ घेतलं तर स्वतःच न्यूरोपथी करतं, आणि तीही सेन्सरी. त्या दोन्ही थांबवल्या, चिंतेसाठी समुपदेशन सुरू केलं आणि तीन महिन्यांनी टाचणी व ट्यूनिंग फोर्क घेऊन पुन्हा तपासायचं ठरवलं. नव्या रिपोर्टवर तापमान ठळक लिहिलं.